फ्यूर एलीझच्या कपड्यांतला मोझार्ट

कीबोर्डचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी मला मोबाइलवरचं एक चित्र पाठवलं. त्यांच्या एका विद्यार्थिनीची आई स्वयंपाक करताना नेहमी एक चाल गुणगुणते. शब्द तिला आठवत नाहीत, गाणं कुठलं तेही सांगता येत नाही. मुलीने ती चाल ऐकून ऐकून फोनवरच्या एका साध्या ॲपमध्ये काढली होती. डावीकडे उभा कीबोर्ड, त्याच्यासमोर चौकटींचा कागद, आणि चौकटींत रंगवलेले आडवे ठोकळे. ठोकळा जितका वर, तितका स्वर उंच. ठोकळा जितका लांब, तितका वेळ तो धरायचा. याला पियानो रोल म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी आपोआप वाजणाऱ्या पियानोंत भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी घालत, त्यावरून हे नाव आलं. यूट्यूबवर पियानो शिकवणाऱ्या व्हिडिओंत वरून कीबोर्डवर पडणाऱ्या रंगीत पट्ट्या दिसतात, तोही हाच प्रकार, फक्त उभा केलेला.

मुलीचा निष्कर्षही चित्रासोबत आला होता. "ताई, हे फ्यूर एलीझ आहे. मी सुरांच्या चढउतारावरून शोधलं. पण आई म्हणते, हे नाहीच."

आई बरोबर होती. पण मुलगी जिथे चुकली ती जागा फार शिकवणारी आहे, म्हणून ते प्रकरण इथे सावकाश उलगडतो.

मुलीच्या रोलवर तेरा ठोकळे होते. त्यांची नावं आणि प्रत्येकाने व्यापलेली घरं अशी:

```
F E F E F E C B A G F E D
1 3 1 3 1 3 5 1 3 1 3 1 4
```

सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, एकही काळी नाही. शिकाऊ हाताने काढलेल्या चालीत हे हमखास दिसतं. ऐकलेली चाल पांढऱ्या पट्ट्यांत बसवणं सोपं जातं, म्हणून माणूस नकळत तशी सुरुवात निवडतो. त्यात चूक काही नाही, पण त्याचा अर्थ एवढाच, की मूळ गाणं एफपासूनच सुरू होतं असं धरता येत नाही. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एकच अभंग कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी काळी चारमध्ये. पेटीवाला पट्टी बदलतो, अभंग तोच राहतो. म्हणजे लिहिलेल्या स्वरांत गाणं ओळखण्याजोगं जे आहे ते स्वरांच्या नावांत नाही, एका स्वराहून दुसऱ्या स्वरापर्यंतच्या अंतरात आहे.

हे अंतर किती बारकाईने मोजायचं, यावर शोधाच्या दोन जुन्या पद्धती आहेत. दोन्ही संगणकाआधी छापील पुस्तकांत आल्या.

पहिली हॅरॉल्ड बार्लो आणि सॅम मॉर्गनस्टर्न यांची. 1948 साली अमेरिकेत निघालेल्या त्यांच्या कोशात पाश्चात्त्य अभिजात वाद्यसंगीतातल्या सुमारे दहा हजार धुना आहेत. मागे सूची आहे, आणि तिच्यात प्रत्येक धून सीपासून मोजून, म्हणजे सी मेजर किंवा सी मायनरमध्ये आणून, अक्षरांनी लावली आहे. तुमच्याकडची धून तुम्ही सीवर आणायची आणि शब्दकोशात शब्द पाहावा तशी अक्षरं पाहत जायची. पद्धत उत्तम, पण ती एक गोष्ट गृहीत धरते: तुमच्या धुनेचा सा कुठला, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या चित्रात तो कुठला? सगळ्या पांढऱ्या पट्ट्या पाहून कुणीही सी म्हणेल. मग चाल म-ग, म-ग, म-ग अशी सुरू होते आणि षड्जावर उडी मारते. पण ए हा सा धरला, तर त्याच पट्ट्या कोमल ध-प, कोमल ध-प अशा वाचल्या जातात आणि उडी कोमल गंधारावर पडते. पेटीवर ए चा सूर भात्याने धरून ठेवला आणि त्यावर ही चाल वाजवली, की दुसरं वाचन खरं हे कानाला लगेच पटतं. पण ज्याचा कान तयार नाही, तो सी धरून सूचीत भलतंच पान उघडतो, आणि पान भलतं आहे हे त्याला कळतही नाही.

दुसरी पद्धत इंग्लंडच्या डेनिस पारसन्स यांची. त्यांचं धुनांचं पुस्तक 1975 मध्ये आलं. (पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' ज्याने ध्वनिमुद्रित केला, त्या ॲलन पारसन्सचे हे वडील.) पारसन्सनी सा शोधण्याची कटकटच काढून टाकली. किती अंतर, हेही टाकून दिलं. फक्त एवढंच विचारायचं: पुढचा स्वर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला, की तोच पुन्हा आला? वरला `U`, खालीला `D`, पुन्हाला `R`, आणि पहिल्या स्वराला नुसता तारा. इथला `D` हा स्वर डी नव्हे, हे एकदा नीट मनात धरावं, नाहीतर गोंधळ ठरलेला.

ही खूण कमी माहितीत खूप काम करते. आठ हालचालींच्या तीन प्रकारांनी 6,561 वेगवेगळ्या खुणा होतात. पंधरा हालचालींच्या एक कोटी त्रेचाळीस लाखांहून अधिक. खऱ्या चाली या खुणांत सारख्या वाटलेल्या नसतात, एकेक पायरी उतरत येणाऱ्या चाली खूप असतात. तरीही पंधरा अक्षरं पाहिली की बहुधा एखाददुसरीच धून उरते. संगीत वाचता न येणाऱ्यालाही हे करता येतं, नुसता चढ-उतार ऐकू आला की पुरे. 'म्युझिपीडिया' या संकेतस्थळाने हीच कल्पना संगणकावर आणली. तिथे पडद्यावरच्या कीबोर्डवर धून वाजवूनही शोधता येते आणि पारसन्सची अक्षरं टंकूनही.

मुलीने हेच केलं होतं. तिच्या रोलची खूण अशी निघते:

```
* D U D U D U D D D D D D
```

आणि बेटहोव्हेनच्या 'फ्यूर एलीझ'ची सुरुवात, जी जगातल्या प्रत्येक शिकाऊ कीबोर्डवर वाजते, ती अशी:

```
E D# E D# E B D C A
* D U D U D U D D
```

पहिल्या आठही हालचाली तंतोतंत जुळतात. इतकंच काय, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून अंतर मोजलं, तरी पहिल्या चार हालचाली दोन्हीकडे एकसारख्या: एक पट्टी खाली, एक वर, एक खाली, एक वर. मुलीला दोष देण्यासारखं इथे काही नाही. तिने आठ अक्षरं टाकली, तिला आठ अक्षरांचं उत्तर मिळालं.

शंका यायला हवी होती ती दहाव्या हालचालीला. मुलीची चाल पुढेही खालीच उतरत राहते. फ्यूर एलीझ तिथून वर चढते. पाचव्या हालचालीतही अंतर मोजलं असतं तर फरक दिसला असता: फ्यूर एलीझमध्ये तिथे चाल एकदम पाच पट्ट्या खाली येते, मुलीच्या रोलवर पुन्हा एकच पट्टी. पण मला सगळ्यात बोलका वाटला तो ठोकळ्यांच्या लांबीचा आकडा. फ्यूर एलीझचे सुरुवातीचे स्वर सगळे सारख्या लांबीचे, एकामागे एक पळणारे. मुलीच्या रोलवर मात्र एक-तीन, एक-तीन, एक-तीन असा ठेका. इतक्या नेमाने येणारा तीन घरांचा ठोकळा पाहिला की विचारावं: हा खरंच एक स्वर आहे, की दोन चिकटलेत?

पियानो रोल हाताने काढण्यातली सगळ्यात मोठी खोट ही आहे. एकच स्वर लागोपाठ दोनदा आला, की चौकटीत तो शेजारी-शेजारी रंगवला जातो. मध्ये फट ठेवायची सोय नसली, किंवा असूनही ती लक्षात आली नाही, की दोन ठोकळ्यांचा एक लांब ठोकळा होतो. पारसन्सच्या खुणेतली सगळी `R` अक्षरं त्यासोबत गायब होतात. एखादा स्वर चुकीच्या पट्टीवर काढला तर एक-दोन अक्षरं बिघडतात. `R` पुसले गेले, तर खुणेची लांबीच बदलते आणि पुढचं प्रत्येक अक्षर एक-एक घर सरकतं. म्हणून माझ्या मते, शोध सुरू करण्याआधी स्वर बरोबर आहेत का हे तपासण्यापेक्षा चिकटलेले स्वर सोडवणं जास्त महत्त्वाचं.

ते कसे सोडवायचे? बाईंनी सोपा उपाय केला. मुलीला रोल बाजूला ठेवायला सांगितला आणि आईने चाल पुन्हा गुणगुणली, पण या वेळी प्रत्येक स्वराला 'त' म्हणत. ओठ मिटून गुणगुणताना दोन सारखे स्वर एकमेकांत वितळतात. 'त' म्हणताना जीभ दर वेळी दातांना टेकावीच लागते. निघालं ते असं: त-त-ताऽ, त-त-ताऽ, त-त-ताऽ ता. मग मुलीने स्वरांची नुसती अक्षरं वहीत लिहिली:

```
F E E F E E F E E C
C B A A G F F E D D
```

तीन घरांचा ई म्हणजे एक घराचा आणि दोन घरांचा असे दोन ई होते. पाच घरांचा सीही दोन होता, आणि त्या दोघांत दोन घरांची विश्रांती होती, जी गुणगुणताना कळली नव्हती आणि रोलवर रंगून गेली होती.

मग अक्षरंच का नाही लिहायची सुरुवातीपासून? कारण अक्षरांची खोट नेमकी उलट आहे. वहीतल्या दहाव्या जागचा सी पाहा. ईवरून सीकडे जायचं, तर तो वरचा सी की खालचा? वर गेलं तर आठ पट्ट्या, खाली आलं तर चार. वहीतलं अक्षर यावर गप्प आहे. ज्याला ठाऊक नाही तो जवळचा सी धरणार, म्हणजे खालचा, आणि तिथे `U` ऐवजी `D` पडणार. चाल तरीही ऐकायला बरी लागते, त्यामुळे चूक खटकत नाही. आपल्या लिपीत भातखंड्यांनी तार सप्तकाला स्वराच्या डोक्यावर टिंब आणि मंद्राला खाली टिंब दिलं, कोमलला खाली आडवी रेघ दिली, ती या अडचणीसाठीच. पण घाईत लिहिलेल्या अक्षरांत टिंबं कोण देतो? रोलवर हा प्रश्नच येत नाही, कारण वरचा सी वरच्याच ओळीत रंगवावा लागतो. फक्त फोनवर एकच सप्तक दिसत असेल तर पाहून घ्यावं, कारण तिथे वरचा स्वर जागेअभावी खालच्या ओळीत ढकलला जातो.

थोडक्यात, रोलला उंची कळते पण पुन्हा आलेला स्वर कळत नाही. अक्षरांना पुन्हा आलेला स्वर कळतो पण उंची कळत नाही. मुलीकडे योगायोगाने दोन्ही होतं. रोलवरून सी वरचा ठरला, वहीवरून ई दोन-दोन ठरले. आता खूण निघाली:

```
* D R U D R U D R U R D D R D D R D D R
```

आणि पट्ट्यांच्या अंतराने पहिले दहा स्वर. एमआयडीआयच्या मोजणीत मधल्या सीला 60 क्रमांक असतो आणि पुढे प्रत्येक पट्टीला एकेक वाढत जातो, त्या हिशोबाने:

```
77 76 76 77 76 76 77 76 76 84
  -1  0 +1 -1  0 +1 -1  0 +8
```

ही खूण मोझार्टच्या चाळीसाव्या सिम्फनीच्या पहिल्या भागाची आहे. 1788 च्या जुलैमध्ये व्हिएन्नात पूर्ण झालेली, जी मायनरमधली. मूळ धून एफवर नाही, ई फ्लॅटवर सुरू होते, मुलीच्या लिखाणापेक्षा दोन पट्ट्या खाली. पण खालची अंतरांची ओळ तिथेही हीच निघते. बार्लो-मॉर्गनस्टर्नच्या सूचीत हीच धून सी मायनरमध्ये आणली, की ए फ्लॅट, जी, जी अशी वाचली जाते. सी हा सा धरून कुणी एफ, ई, ई शोधत बसला असता तर ती त्याला कधीच भेटली नसती.

आता आईचं गाणं कुठलं, हे पुण्या-मुंबईच्या बहुतेक जुन्या रसिकांना कळलंच असेल. 1961 च्या 'छाया' चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचं एक द्वंद्वगीत आहे. सलील चौधरींनी त्याच्या मुखड्याची सुरुवात मोझार्टच्या याच धुनेवर उभी केली. आईच्या तोंडी होतं ते हे गाणं. पारसन्सच्या पुस्तकात ते नाही, पण मोझार्ट आहे, आणि मोझार्टपासून सलीलदांपर्यंतची उडी बाईंच्या कानाने मारली.

इथे या पद्धतीची एक मर्यादा दिसते. मुलीने मुखडा काढला म्हणून धागा सापडला. अंतरा काढला असता, तर तिथे चाल मोझार्टला सोडून पुढे जाते, आणि अभिजात धुनांच्या कोशात तिला जागाच नाही. धुना कोशांत नोंदल्या जातात त्या सहसा सुरुवातीपासून. म्हणून चालीचा कुठला तुकडा हाती आहे हे कळत असेल, तर मुखड्याचाच घ्यावा, आणि पहिल्या स्वरापासून घ्यावा.

दुसरी मर्यादा तलतच्या आवाजातच आहे. त्यांच्या स्वरातला तो प्रसिद्ध कंप मुलीने मूळ ध्वनिमुद्रण ऐकून काढायला घेतला असता, तर चौकटीत ई, एफ, ई, एफ अशी बारीक ठोकळ्यांची जाळी झाली असती. मुरकी, मींड, आंदोलन यांना चौकटीत घर नाही. मींड चार ठोकळ्यांच्या जिन्यासारखी उतरते आणि खुणेत चार खोटे `D` येतात. उपाय रुक्ष आहे: पेटी वाजवताना बोट ज्या पट्टीवर टेकेल तेवढेच स्वर लिहायचे, गळ्याने वाटेत घेतलेलं सोडून द्यायचं. आईचं साधं गुणगुणणं या कामाला तलतपेक्षा सोयीचं ठरलं, हे जरा वाईट वाटून म्हणावं लागतं.

संगणकाने केलेल्या शोधात या चुकांना थोडी माफी असते. दोन चाली जुळवताना यंत्र मोजतं, की एक चाल दुसरीत बदलायला किती स्वर घालावे, काढावे किंवा बदलावे लागतील, आणि प्रत्येक बदलाला किंमत लावतं. 1990 मध्ये माँट्रियलच्या मार्सेल मोंजो आणि डेव्हिड सँकॉफ यांनी या हिशोबात आणखी दोन बदल घातले: एका लांब स्वराचे अनेक छोटे स्वर करणं, आणि अनेक छोट्यांचा एक लांब करणं. म्हणजे नेमका मुलीचा रोल. अशा हिशोबात तीन घरांचा ई आणि एक-दोन घरांचे दोन ई यांच्यात फार अंतर उरत नाही, आणि तिची पहिली, चिकटलेली चालही मोझार्टच्या बरीच जवळ आली असती. पण त्यासाठी ठोकळ्यांची लांबी यंत्राला द्यावी लागते. नुसती `D` आणि `U` दिली, तर जोडायला आणि तोडायला काही उरतच नाही.

हिंदी-मराठी गाण्यांसाठी, जी या कोशांत नाहीत, लिहिलेले स्वर परत आवाजात आणणं जास्त उपयोगी पडतं. 2020 पासून गूगलच्या ॲपमध्ये गुणगुणून गाणं शोधता येतं. शाझम ज्या पद्धतीने चालतं, त्यात तेच ध्वनिमुद्रण वाजावं लागतं. गुणगुणण्याच्या शोधात चालीचा चढउतार पाहिला जातो. मात्र रोल ॲपनेच वाजवला, तर सगळे ठोकळे यंत्राच्या सपाट आवाजात एकाच गतीने निघतात, आणि चिकटलेले स्वर चिकटलेलेच राहतात. त्यापेक्षा वहीतली अक्षरं पेटीवर बसवून, ठेका पकडून, प्रत्येक स्वराला 'त' म्हणत दहा-पंधरा सेकंद स्वतः गावं. अक्षर आठ पट्ट्या वर की चार खाली हे कळत नसेल, तर दोन्ही तऱ्हांनी गाऊन पाहावं. ज्या तऱ्हेला घरातलं कुणीतरी मान डोलावून "हां, तेच" म्हणेल, ती आधी शोधायला द्यावी.